कण्यावरची अक्षरं आणि खालचा कप्पा : कामाच्या नोंदी

२ जून

शाहूपुरीतल्या एका 'ब' वर्ग वाचनालयाचं काम घेतलंय. आजवर तिथे बंद कपाटांची पद्धत होती. सभासदाने यादी बघून चिठ्ठीवर दाखल क्रमांक लिहायचा आणि शिपायाने आत जाऊन पुस्तक काढून आणायचं. त्यामुळे कण्यावर क्रमांक असला की भागत होतं. आता कार्यकारिणीने मुक्तद्वार करायचं ठरवलंय, म्हणजे वाचक स्वतः रॅकमध्ये हिंडून पुस्तक शोधणार. वाचकाला क्रमांक पाठ नसतो, त्याला नाव आठवतं. आणि नेमकं नावच कण्यावर नाही.

बहुतेक जुनी पुस्तकं मरून किंवा हिरव्या रेक्झिनमध्ये फेरबांधणी केलेली आहेत. काहींवर कुणीतरी ब्रशने पांढऱ्या रंगात नाव काढलंय, काहींवर नुसता आकडा आहे. स्थानिक इतिहास आणि आठवणी-चरित्रं हे दोन विभाग फाटल्यामुळे यंदा पुन्हा बाइंडिंगला जाणारच आहेत. सुरुवात त्यांच्यापासून. बांधणी अण्णा करणार, कण्यावर काय आणि कसं यायचं ते मी ठरवायचं.

५ जून

आज फक्त मोजमापं घेतली. लोखंडी रॅक, पाच कप्पे. सगळ्यात खालचा कप्पा जमिनीपासून १० सेंटीमीटरवर. दोन रॅकमधली वाट अरुंद आहे. माणूस मागच्या रॅकला पाठ लावून उभा राहिला तरी त्याचा डोळा समोरच्या कण्यांपासून आडवा ७० सेंटीमीटरच्या पुढे जात नाही.

डोळ्याच्या उंचीच्या कप्प्यात काहीच अडचण नाही. समोर ७० सेंटीमीटरवर असलेलं काहीही वाचता येतं. सगळा खेळ खालच्या कप्प्याचा आहे. डोळा जमिनीपासून दीड मीटरवर धरला आणि खालच्या पुस्तकावरच्या नावाचा मध्य २२ सेंटीमीटरवर, तर नजर १२८ सेंटीमीटर खाली आणि ७० सेंटीमीटर पुढे जाते. तिरकं अंतर जवळपास १४६ सेंटीमीटर, म्हणजे वरच्या कप्प्याच्या दुप्पट.

पण अंतर दुप्पट होणं हा अर्धाच भाग झाला. आपण कण्याकडे समोरून नाही, वरून बघत असतो, त्यामुळे कण्याची उभी लांबी चेपलेली दिसते. किती चेपते, तर ७० भागिले १४६, म्हणजे निम्म्याहून थोडी कमीच उरते. कण्याची रुंदी मात्र आहे तेवढीच दिसते. हा फरक कागदावर मांडल्यावर पुढचे बरेच निर्णय आपोआप व्हायला लागले. नाव कण्यावर आडवं, म्हणजे पुस्तक उभं असताना सरळ वाचता येईल असं छापलं, तर अक्षराची उंची चेपते. तेच नाव कण्याच्या लांबीने झोपवून छापलं तर उंची शाबूत राहते आणि अक्षराची रुंदी चेपते.

जाड पुस्तकावर सरळ नाव कधीही बरं, असं सगळे म्हणतात आणि डोळ्यासमोरच्या कप्प्यात ते खरंच आहे. मान वळवावी लागत नाही. खालच्या कप्प्यात ४ मिलिमीटर उंचीचं तेच सरळ अक्षर २ मिलिमीटरचं होऊन बसतं.

९ जून

किती मोठं अक्षर पुरेल? आधार म्हणून डोळ्यांच्या दवाखान्यातला तक्ता घेतला. ६ मीटरवरून वाचायची ६/६ ची ओळ सुमारे ८.७ मिलिमीटर उंच असते. त्याच हिशेबाने १४६ सेंटीमीटरवर २.१ मिलिमीटर येतात. ही निरोगी डोळ्याची शेवटची मर्यादा झाली, तीसुद्धा रोमन अक्षरांसाठी आणि भरपूर उजेडात. वाचनालयात येणारे निम्मे लोक साठीच्या पुढचे, उजेड एका ट्यूबचा, आणि अक्षरं देवनागरी. म्हणून या मर्यादेच्या निदान दुप्पट, ४ मिलिमीटरच्या पुढे, असं धरलं.

आता ही ४ मिलिमीटर कशाची मोजायची? पॉइंट साइझवर इथे भरवसा ठेवता येत नाही. देवनागरीत अक्षराचं धड शिरोरेषेपासून पायापर्यंत, पण जागा लागते ती वरच्या रफार-वेलांटी-अनुस्वारापासून खालच्या उकारापर्यंत. मी निवडलेल्या ठळक फाँटमध्ये छापून पट्टीने मोजलं, तर एकूण उंचीतलं साधारण ५५ टक्के धड आणि बाकीचं वरखालच्या चिन्हांचं. रोमन कॅपिटलमध्ये लिहिलेलं नाव कण्याची जवळजवळ सगळी रुंदी वापरतं. आपल्याला निम्मी सोडून द्यावी लागते.

नमुन्याला मुद्दाम त्रासदायक नाव तयार केलं : 'गुऱ्हाळाची पूर्वपीठिका'. यात खाली ऱ्हस्व-दीर्घ दोन्ही उकार आहेत, वर रफार आहे, दोन्ही वेलांट्या आहेत. पुस्तक १४४ पानांचं धरलं. १४४ पानं म्हणजे ७२ पत्रं, ७० जीएसएम मॅपलिथोचं पत्र साधारण ०.०९ मिलिमीटर, म्हणून आतला गठ्ठा साडेसहा मिलिमीटर. दोन्ही बाजूंचे पुठ्ठे धरून फेरबांधणीनंतर कणा १० मिलिमीटर. दोन्ही कडांना दीड-दीड मिलिमीटर सोडले की हातात राहतात ७. त्याच्या ५५ टक्के म्हणजे ३.८ मिलिमीटर धड. पाहिजे होतं त्याच्या जरासं अलीकडेच, पण चालेल. यापेक्षा बारीक पुस्तकं खालच्या कप्प्यात ठेवायचीच नाहीत, असं ग्रंथपाल मॅडमना सांगायचं.

गंमत अशी की लांबीला तोटाच नाही. याच मापात हे नाव ५ सेंटीमीटरच्या आसपास बसतं आणि कण्यावर १५ सेंटीमीटर मोकळे आहेत. आणि चेपते ती लांबीच. म्हणजे जे आपल्याकडे उदंड आहे तेच खर्च केलं तर खालचा कप्पा सुधारतो.

१० जून

रस्त्यावर डांबरावर रंगवलेली 'शाळा' किंवा 'हळू' ही अक्षरं उभी लांबुळकी काढतात, कारण गाडीवाला ती तिरकी बघतो. इथे तेच करायचं, फक्त आडव्या दिशेने. अक्षरं रुंद करायची.

दोन रस्ते होते. पहिला म्हणजे अक्षरांमधली जागा वाढवणं. देवनागरीत तो बाद, कारण जागा वाढवली की शिरोरेषा तुटते आणि शब्द सुट्या तुकड्यांसारखा दिसतो. दुसरा, फाँट आडवा ताणणं. एरवी हे मी कुणाला करू देत नाही, कारण ताणल्यावर काना आणि दंड जाड होतात, शिरोरेषा मात्र आहे तेवढीच राहते आणि अक्षर बेढब होतं. वरून बघताना मात्र तोच जाड झालेला दंड चेपून पुन्हा मापात येतो. १०० टक्के, १२० टक्के आणि १५० टक्के अशा तीन पट्ट्या काढून खालच्या कप्प्यात लावल्या. उभ्याने बघितल्यावर १५० ची सगळ्यांत सहज वाचता आली. तीच पट्टी डोळ्यासमोर धरली तर जत्रेतल्या फलकासारखी दिसते, आणि पुस्तक काही जन्मभर एकाच कप्प्यात राहत नाही. खरेदी वाढली की सगळं सरकतं. १२० वर थांबलो.

याची उलट बाजूही लिहून ठेवतो. लांब नाव बसवण्यासाठी अक्षरं आडवी दाबून अरुंद करायची सवय सगळीकडे आहे, नव्या प्रकाशनांच्या कण्यांवरही. खालच्या कप्प्यात त्या नावांचा लगदा होतो. 'ष' आणि 'प', 'घ' आणि 'ध' एकमेकांत मिसळतात, काना शेजारच्या दंडाला चिकटतो. नाव बसत नसेल तर अक्षर लहान करावं, पण दाबू नये.

१३ जून

दिशा. मॅडमनी विचारलं, "वरून खाली की खालून वर? आमच्याकडे दोन्ही आहेत."

खरंच दोन्ही आहेत. मराठी पुस्तकांत वरून खाली जाणारी नावं जास्त, पण खालून वर चढणारीही कमी नाहीत. जुन्या फेरबांधणीत तर रंगवणाऱ्याने पुस्तक ज्या हाताला धरलं तसं नाव उतरलंय. १९८५ च्या आयएसओ ६३५७ या मानकात कण्याच्या लांबीने जाणारं नाव वरून खाली घ्यावं असं आहे. इंग्रजी पुस्तकं तशीच असतात. फ्रेंच पुस्तकांवर मात्र बऱ्याचदा खालून वर दिसतं.

वरून खालीच्या बाजूने नेहमीचं कारण दिलं जातं ते खरं आहे : पुस्तक मुखपृष्ठ वर करून टेबलावर ठेवलं की कण्यावरचं नाव सुलटं वाचता येतं. काउंटरवर परत आलेल्या पुस्तकांची चळत तशीच पडलेली असते, तेव्हा शिपायाला याचा रोज उपयोग आहे.

खालून वरच्या बाजूनेही एक भक्कम कारण आहे, ते सहसा कुणी सांगत नाही. नाव दोन ओळींत असेल तर वरून खाली झोपवल्यावर अक्षरांचा माथा उजवीकडे जातो, म्हणून पहिली ओळ उजवीकडे आणि दुसरी डावीकडे येते. रॅकवर नजर डावीकडून उजवीकडे सरकते, तिला आधी दुसरी ओळ भेटते. खालून वरमध्ये हे उलट होतं, ओळी नजरेच्या क्रमानेच लागतात. आम्ही वरून खाली घेतोय म्हणून नियम केला : नाव एकाच ओळीत. लांबी भरपूर आहे, दोन ओळींची गरज पडायची ती लांबलचक उपशीर्षकांना, आणि उपशीर्षक कण्यावर घ्यायचंच नाही.

खालच्या कप्प्यासाठी वरून खालीचा आणखी एक फायदा. नावाची सुरुवात कण्याच्या वरच्या टोकाला येते, म्हणजे उभ्या माणसाच्या डोळ्याला जवळच्या टोकाला. वरच्या फळीची सावलीही तिथे कमी असते का? नाही, जास्त असते. ट्यूब वाटेच्या मधोमध आहे म्हणून निभावतं.

१४ जून

दिशेपेक्षा सरमिसळ जास्त नडते. चरित्रांच्या रॅकसमोर थोडा वेळ नुसता बसून बघितलं. माणूस एकदा मान उजवीकडे कलती करतो आणि तशीच ठेवून बाजूला सरकत जातो. मध्ये उलट्या दिशेचं पुस्तक आलं की मान वळवत नाही, ते पुस्तक सोडून देतो. एका कपाटात खालून वर चढणारी पुस्तकं जास्त होती, तिथे लोक डावीकडे मान कलती करून चालले होते आणि वरून खालीवाली सुटत होती. जी दिशा रॅकमध्ये कमी, तिची पुस्तकं हरवल्यासारखी.

म्हणून फेरबांधणीला न जाणाऱ्या, उलट्या दिशेच्या पुस्तकांनाही पट्टी लावायची. मॅडमना खर्च वाढेल असं वाटतंय. कागदाच्या पट्टीला किती खर्च येणार?

१७ जून

नाव मधोमध घ्यायचं नाही. मधोमध घेतलं की लहान नाव खाली सुरू होतं, मोठं नाव वर, आणि नजर वरखाली उड्या मारत जाते. सगळी नावं कण्याच्या वरच्या कडेपासून दीड सेंटीमीटरवर सुरू. डेमी आणि क्राउन आकारांची उंची वेगळी असल्यामुळे वरून मोजलं तर सुरुवात सरळ रेषेत येत नाही, हे अण्णांनी पाहिल्यापाहिल्या सांगितलं. खालून मोजलं तर सुरुवात एका रेषेत येते, पण मोठ्या पुस्तकांवर वर बरीच जागा मोकळी सुटते. डेमी रॅकमध्ये ऐंशी टक्क्यांच्या वर आहेत, म्हणून वरूनच.

खालचे ५ सेंटीमीटर सोडले. तिथे ग्रंथालयाचं लेबल येतं : तळापासून इंचभर वर, इंचभर उंच, वर्गांक आणि दाखल क्रमांक. नव्या पुस्तकांत प्रकाशक लेखकाचं नाव किंवा आपलं चिन्ह नेमकं तिथे छापतात आणि आपण त्यावर लेबल चिकटवतो. लेखक आम्ही नावानंतर, थोड्या जागेनंतर, त्याच ओळीत आणि त्याच धडाच्या उंचीत घेतोय, फक्त बारीक वजनात. लहान आकारात घेतला असता तर खालच्या कप्प्यात तो मर्यादेखाली गेला असता आणि मग छापून उपयोग काय.

खंडांचा आकडा मात्र सरळ, कण्याला आडवा. एकदोन आकडी अंक कुठल्याही कण्यावर मावतो, आणि झोपवलेले १ आणि ९ लांबून सारखे वाटतात.

१८ जून

स्थानिक इतिहासाच्या विभागात वेगळीच अडचण. ओळीने एकवीस-बावीस पुस्तकं 'कोल्हापूर' किंवा 'करवीर' या शब्दाने सुरू होतात. वरून एका रेषेत लावल्यावर रॅकभर तोच शब्द शेजारी शेजारी उभा राहिला आणि शोधायचा शब्द सगळ्यांचा दुसरा. मी सुचवलं की कण्यावर पहिला शब्द गाळू. मॅडम ठाम : "दाखल रजिस्टरला जे नाव, शीर्षकपानावर जे नाव, तेच कण्यावर. उद्या कुणी तपासणीला आलं तर मी काय सांगू?" बरोबर आहे त्यांचं. शब्द सगळे ठेवले, समान शब्द बारीक वजनात आणि वेगळा शब्द ठळक घेतला. 'कोल्हापूर' बारीक, पुढचा शब्द ठळक. मान कलती करून चालताना ठळक शब्द एकामागून एक मिळत जातात. 'श्री' आणि 'श्रीमत्' यांनाही हाच नियम.

२३ जून

फॉइल की पट्टी, याचा निकाल. सोनेरी फॉइलची सगळ्यांना हौस. पण प्रत्येक पुस्तकाचं नाव वेगळं, म्हणजे प्रत्येकाचा वेगळा ब्लॉक. एका प्रतीसाठी ते परवडत नाही. शिवाय दाणेदार रेक्झिनवर अण्णांनी एक जुना ब्लॉक मारून दाखवला : अनुस्वाराचा टिंब दाण्यांच्या खळग्यात अर्धा बसला, 'भ'ची गाठ भरून गेली. आणि ट्यूबखाली सोनं चमकतं तेव्हा खालच्या कप्प्यातलं नाव चकाकीत जातं. पट्टी ठरली : मळकट पांढरा मॅट कागद, काळी अक्षरं, वरून पारदर्शक मॅट फिल्म.

पट्टी कण्याच्या पूर्ण रुंदीची केली होती. अण्णा बोटाने कड दाबून म्हणाले, "दादा, हिकडं सांध्यावर आली की उलतीय बघा. पुस्तक उघडलं की सांधा हलतोय, कागद कुठला टिकतोय? अर्धा सूत आत घ्या दोन्हीकडनं." अर्धा सूत म्हणजे दीड मिलिमीटरहून किंचित जास्त. हा आकडा अक्षरांसाठी सोडलेल्या कडेएवढाच आहे, म्हणजे पट्टी आता अक्षरांच्या वरखालच्या टोकांपर्यंतच कापली जाते. पांढरा समास उरत नाही, आजूबाजूचं रेक्झिनच समास. दिसायला बरं दिसतं. कापणी मात्र नेटकी हवी, नाहीतर रफार जातो.

गोल पाठीच्या जाड पुस्तकांवर पट्टी पाठीच्या मधल्या सपाट भागावरच. कडेला वळलेल्या भागावरचं अक्षर शेजारच्या पुस्तकाच्या आड जातं.

३० जून

पावसाने खळ वाळत नाही. दोन दिवसांत पट्ट्यांना फुगे. अण्णांनी खळीऐवजी पांढरा गोंद पातळ करून घेतला आणि दाबयंत्रात रात्रभर ठेवली. ठीक.

४ जुलै

चरित्रांचा खालचा कप्पा लावून झाला. शेजारचा, जुन्याच कण्यांचा, मुद्दाम तसाच ठेवला. सभासदांना नावं सांगून पुस्तकं काढायला लावली, काही नव्या कप्प्यातली, काही जुन्यातली. नव्या कप्प्यात बहुतेकांनी उभ्यानेच शोधलं. जुन्यासाठी जवळजवळ सगळे वाकले किंवा खाली बसले. एक निवृत्त गुरुजी वाकूच शकत नाहीत. ते आजवर खालचा कप्पा बघतच नव्हते, असं त्यांनी सांगितलं.

कुठे अडलं तेही. जाड चष्मेवाल्यांना खालच्या कप्प्यातलं उभ्याने जमलं नाही. बायफोकलमधून खाली बघताना जवळचा नंबर आडवा येतो आणि तो दीड मीटरवर अस्पष्टच. अक्षर कितीही वाढवलं तरी १० मिलिमीटरच्या कण्यात यावर उपाय नाही. दुसरं, दोन बारीक पुस्तकांची नावं अजूनही धूसर. कणा ८ मिलिमीटरचा, कडा सोडून ५, धड पावणेतीन. मर्यादा २.१ आहे आणि हे त्याच्या दीडपटही नाही. ती वरच्या कप्प्यात हलवली.

८ जुलै

मॅडमशी बोलून कप्प्यांची वाटणी ठरली. कणा १० मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर तळचे दोन कप्पे बंद. खंडांचे संच तळाला, कारण एक सापडला की सगळे सापडतात, आणि त्यांचे कणेही जाड असतात. पट्टीची फाइल त्यांच्या कारकुनाकडे दिली : पानसंख्या टाकली की कण्याची रुंदी आणि अक्षराचं माप आपोआप येतं. दोन पुस्तकं त्याने स्वतः करून बघितली. एका नावात 'र्‍या' फाँट बदलल्यामुळे तुटून आला होता, तो दाखवला. फाँट संगणकात बसवलेला नसेल तर पट्टी छापायची नाही, एवढं सांगितलं.

उद्यापासून कथा-कादंबऱ्यांचा विभाग. तिथे लेखकाच्या आडनावाने लावायचं म्हणतायत, म्हणजे कण्यावर आधी लेखक की आधी नाव हा प्रश्न पुन्हा उघडणार.